प्रतिसाद: गेला, केला आणि भाचीचं ‘करलं’

>> ‘गेला’, ‘केला’ ही रूपं डोक्यात तयार साठवलेली असतात की दर वेळी नियमाने बनतात?

माझ्या मते साठवलेलीच, पण दोन्हींची गोष्ट वेगळी आहे. ‘केला’ संस्कृत ‘कृत’वरून झिजत आला, म्हणजे धातू ‘कर’चाच, फक्त र गळाला. ‘गेला’चं तसं नाही, ‘जा’ आलाय ‘याति’मधून आणि ‘गेला’ ‘गत’मधून, दोन वेगळ्या धातूंचा संसार एकत्र थाटलाय, त्यामुळे ‘जा’ला कुठलाही नियम लावा, ‘गेला’ निघणारच नाही.

माझी भाची तीन वर्षांची असताना आधी नीट ‘केलं’ म्हणायची आणि मग मध्येच ‘मी करलं’ सुरू झालं. भरलं, धरलं वरून तिला नियम सापडला होता, आणि साठवलेलं रूप वेळेत आठवलं नाही की नियम घुसायचा :) ‘टरणे’ असं खोटं क्रियापद कुणालाही द्या, ‘टरला’च म्हणतील, ‘टेला’ नाही.

पण साठा आणि नियम असे दोन बंद कप्पेही नसावेत. सांगितलं, मागितलं, बघितलं यांची आपापसात टोळी आहेच की, आणि ‘म्हटलं’च्या जागी ‘म्हणलं’ तर मोठी माणसंही सर्रास बोलतात.