विषय: भाड्याच्या साडी-संचाचा मजकूर तपासून हवा आहे

प्रेषक: वैशाली

सप्रेम नमस्कार. लग्नाला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांना साड्या, ब्लाउज आणि दागिने भाड्याने देण्याचे काम मी वर्षभर करीत आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. गेल्या दोन महिन्यांत एकच संच दोनदा न वापरता परत आला. दोन्ही वेळा ब्लाउज झाला नाही, आणि दोन्ही ग्राहकांनी सांगितले की दुकानाच्या पानावर त्यांनी सगळे वाचले होते. म्हणजे दोष माझ्या मजकुराचा असावा. तो असा आहे:

«जांभळी रेशमी साडी, तयार ब्लाउज (मिडियम) आणि एक ग्रॅम सोन्याचा हार व कानातले. तीन दिवसांसाठी उपलब्ध.»

यात काय कमी आहे आणि काय फसवे आहे, ते कृपया स्पष्ट सांगावे.

— वैशाली

प्रेषक: मिलिंद

वैशालीताई, मला शिवणकामातले कळत नाही, परंतु ग्राहकाची उंची आणि वजन विचारून त्यावरून माप ठरविणारा तक्ता पानावर टाकला, तर काम सोपे होईल असे वाटते. पाठीला बांधायच्या दोऱ्या असलेला ब्लाउज ठेवल्यास तो कोणालाही चालेल. दुसरे असे की दागिन्यात एक ग्रॅम सोने असेल, तर अनामत रक्कम त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाप्रमाणे घ्यावी. अन्यथा हार हरवल्यास नुकसान आपलेच होईल.

— मिलिंद

प्रेषक: शुभदा

वैशाली, माझे निम्मे आयुष्य ब्लाउज शिवण्यात गेले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

उंची आणि वजन यांवरून ब्लाउजचे माप निघत नाही. एकाच वजनाच्या दोघींमध्ये छातीचा, दंडाचा आणि पाठीचा फरक इतका असतो की एकीचा ब्लाउज दुसरीला हुकापर्यंतही जाणार नाही. पाठीच्या दोऱ्यांबद्दल मिलिंद यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे: दोऱ्यांमुळे छातीला सैलपणा मिळतो, पण बाही दंडात अडकत असेल तर त्या दोऱ्यांचा काहीच उपयोग होत नाही. परत आलेल्या ब्लाउजांपैकी बरेचसे छातीमुळे नव्हे, तर दंडघेरामुळे परत येतात, हा माझा अनुभव आहे. तुझ्या दोन्ही ग्राहकांना नेमके कुठे अडले, ते एकदा विचारून पाहा.

«मिडियम» हा शब्द काढून टाक आणि त्या जागी तयार ब्लाउज टेपने मोजून इंच लिही. सोबत शिवणीत माया, म्हणजे आत दुमडून ठेवलेले जादा कापड, किती आहे, तेही लिही, कारण भाड्याच्या ब्लाउजची खरी किंमत मायेत असते. समज, तयार ब्लाउजची छाती 36 इंच आहे आणि बाजूच्या शिवणीत प्रत्येक पदराला एक इंच माया ठेवली आहे. दोन्ही बाजूंची शिवण अर्धा-अर्धा इंच बाहेर घेतली, तर पुढचे दोन आणि मागचे दोन असे चार पदर प्रत्येकी अर्धा इंच वाढतात आणि छाती 38 होते. तीच शिवण बाहीत गेलेली असते. तिथे दोनच पदर असल्यामुळे दंडघेर एक इंचाने वाढतो, म्हणजे 12 चा 13 होतो. हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले पाहिजेत.

मायेने काय बदलत नाही, तेही सांग. खांद्याची रुंदी आणि पाठीची उंची आहे तेवढीच राहते. शिवाय ग्राहकाने स्वतःचे अंगाचे माप दिले, तर ते ब्लाउजच्या मापाशी थेट जुळवू नकोस, कारण श्वास घेण्यापुरता इंचभर तरी सैलपणा लागतो. 36 चा ब्लाउज 35 च्या अंगाला नीट बसतो.

आणि कृपा करून ग्राहकाच्या हाती कात्री देऊ नकोस. शिवण उसवून तू स्वतः दे. रेशमावर जुन्या टाक्यांची भोके दिसतात, आणि दर वेळी तीच शिवण उसवली तर काठाची चाळण होते. काही फेऱ्यांनंतर तो ब्लाउज बदलावाच लागेल, हे हिशेबात धर.

मिलिंद, «एक ग्रॅम सोने» हे या व्यवसायातले केवळ नाव आहे. त्यात तेवढे सोने असते असे कोणी समजू नये; बहुधा पितळेसारख्या धातूवर पातळ मुलामा असतो. तुमच्यासारखा सुशिक्षित माणूस फसतो, म्हणजे तो शब्द मजकुरातून जायलाच हवा.

— शुभदा

प्रेषक: अनघा

माझ्या घरी नेसून झालेल्या सहा साड्या आहेत, त्या वैशालीताईंना हव्या असल्यास देईन. विषय तोच आहे ना? नसल्यास क्षमस्व.

परंतु माझाही एक अनुभव सांगते. एका ठिकाणाहून मी «तीन दिवसांसाठी» कपडे घेतले होते. लग्न शनिवारी होते. पार्सल गुरुवारी हाती आले, रविवारी पाठविण्याची सोय बंद होती, म्हणून मी ते सोमवारी सकाळी दिले. दुकानाने दिवस गुरुवारपासून मोजले आणि वस्तू त्यांच्या दारात पोहोचेपर्यंत मोजत राहिले. त्यामुळे अनामतीतून विलंबाचे पैसे कापले गेले. माझी चूक कोणती, ते मला आजही समजलेले नाही. दुसरे म्हणजे त्या कानातल्यांनी माझे कान सुजले होते, पण त्याबद्दल पानावर अवाक्षर नव्हते.

— अनघा

प्रेषक: वैशाली

सर्वांचे आभार. अनघा, साड्यांबद्दल स्वतंत्रपणे लिहिते. शुभदाताई, दोघींनाही विचारले. एकीला दंडातच अडले होते, दुसरीने अजून उत्तर दिलेले नाही. नवा मजकूर असा केला आहे:

«धूपछाव रेशमी साडी: उभा धागा लाल आणि आडवा निळा असल्यामुळे घडी हलली की ती कधी तांबूस, कधी निळसर दिसते. तयार ब्लाउज: छाती 36, दंडघेर 12, खांदा 14 इंच. माया असल्यामुळे आम्ही छाती 38 पर्यंत आणि दंडघेर 13 पर्यंत वाढवून, अथवा छाती 34 पर्यंत टाचून देतो. खांदा बदलता येत नाही. छातीचे अंगाचे माप 33 ते 37 असल्यास हा ब्लाउज आपल्याला बसेल, मात्र दंड मोजून कळवावा. हार व कानातले पितळेचे असून त्यांवर सोन्याचा मुलामा आहे. अत्तर आधी लावावे आणि दागिने नंतर घालावेत. प्रत्येक कानातल्याचे वजन 18 ग्रॅम असल्याने केसांत अडकविण्याचे वेल सोबत दिले आहेत. काड्या टायटॅनियमच्या आहेत. पार्सल कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आपल्याकडे पोहोचेल; कार्यक्रमानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी ते पाठवून पावती ठेवावी. विलंब पावतीवरील तारखेवरून मोजला जाईल.»

काड्या मी कालच बदलून घेतल्या, नाहीतर ते वाक्य लिहिता आले नसते.

— वैशाली

प्रेषक: शुभदा

मजकूर चांगला झाला आहे. «आपल्याला बसेल» ऐवजी «बसण्याजोगा आहे» असे लिही. वचन देऊ नकोस.

तारखांचा मात्र पुन्हा विचार कर. सोमवारी पाठविलेला संच तुझ्याकडे बुधवारी किंवा गुरुवारी येईल. त्यानंतर तो धुलाईला द्यायचा, डाग आणि सुटलेले खडे तपासायचे आणि वाढविलेली शिवण पूर्ववत करायची. पुढच्या शनिवारच्या ग्राहकाकडे तो गुरुवारीच पोहोचायला हवा, म्हणजे एक संच एक शनिवार सोडूनच देता येईल.

— शुभदा

प्रेषक: वैशाली

ताई, तेच तर अडले आहे. पुढच्या महिन्यात लागोपाठच्या दोन शनिवारांसाठी याच संचाची मागणी आली आहे, आणि एकीला मी तोंडी होकार देऊन बसले आहे.

— वैशाली

प्रेषक: मिलिंद

अनघा यांच्या सहा साड्यांपैकी एखादी जांभळी आहे का?

— मिलिंद