पावणेसातचं इंग्रजी करताना प्रश्न सोपा होतो का?

पाचवीची शिक्षिका:
आमच्या केंद्राची पाचवीची सामायिक चाचणी मराठीत तयार झाली आहे. इंग्रजी माध्यमाच्या तुकड्यांसाठी तिचं भाषांतर माझ्याकडे आलंय. एका प्रश्नावर अडलेय: "बस सकाळी पावणेसातला निघाली आणि अडीच तासांनी पोहोचली. ती किती वाजता पोहोचली?" पर्याय ८:१५, ९:१५, ९:३५, १०:१५. इंग्रजीत मी सरळ ६:४५ आणि २ तास ३० मिनिटं असं लिहिलं. सहकारी म्हणतात, प्रश्न सोपा झाला. अर्थ तर तोच आहे ना?

भाषांतरकार:
अर्थ शंभर टक्के तोच आहे. खात्री हवी असेल तर मराठी पेपर न पाहिलेल्या कुणाकडून तुमच्या इंग्रजीचं परत मराठी करून घ्या आणि मूळ प्रश्नाशी ताडून पाहा. आम्ही करारपत्रांनाही हीच कसोटी लावतो. वेळ तीच, अवधी तोच, उत्तर तेच आलं की काम झालं.

निवृत्त पेपरसेटर:
करारपत्राला ती कसोटी पुरेल, प्रश्नपत्रिकेला नाही. परत मराठी करणारा माणूस ६:४५ चं "पावणेसात" करील, सगळं जुळेल आणि दोष तसाच राहील. इथे अर्थ हललेला नाही. मुलाला चढायच्या पायऱ्या कमी झाल्यात.

मॅडम, चुकीचे पर्याय कुठून आले ते पाहा. पेपर काढणाऱ्याने ते विचार करून ठेवलेत. सव्वासात म्हणजे ७:१५, साडेसात म्हणजे ७:३०, त्याच चालीवर काही मुलं पावणेसातला ७:४५ धरतात. त्यात अडीच तास मिळवले की १०:१५. दुसरं मूल अडीच म्हणजे २.५ लिहितं, त्याची दोन तास पन्नास मिनिटं करतं आणि ९:३५ वर जातं. तिसरं ४५ आणि ३० मिळवून ७५ करतं, त्यातून ६० वजा करतं, पण तो तास पुढे मिळवायचा विसरतं. त्याचं उत्तर ८:१५.

आता तुमचा इंग्रजी प्रश्न घ्या. ६:४५ छापलेलं असल्यावर १०:१५ कडे मूल जाईल कशाला? २ तास ३० मिनिटं लिहिल्यावर ९:३५ कडे तरी का जाईल? मराठी मुलापुढे चार जिवंत पर्याय आहेत, इंग्रजीतल्या मुलापुढे दोन. ज्याला बेरीज पक्की येत नाही त्याचाही नेम चारात एक लागायचा तो दोनात एक लागेल. तुमचे सहकारी बरोबर आहेत.

पाचवीची शिक्षिका:
पर्यायांकडे मी या नजरेने पाहिलंच नव्हतं, ते नुसते उतरवून काढले. मग "क्वार्टर टू सेव्हन" आणि "टू अँड अ हाफ अवर्स" लिहू?

निवृत्त पेपरसेटर:
अडीचचं तेच करा, म्हणजे ९:३५ परत जिवंत होईल. "क्वार्टर टू सेव्हन"मध्ये मात्र मूल वेगळ्या जागी घसरतं. सातच्या आधी की नंतर यात गोंधळलं तर ते ७:१५ धरतं आणि ९:४५ वर पोहोचतं. १०:१५ वर ते जाणार नाही. त्यामुळे इंग्रजी पेपरात १०:१५ काढून तिथे ९:४५ ठेवावं असं माझं मत. बरोबर उत्तराची जागा बदलत नाही, उत्तरसूचीला धक्का लागत नाही.

जिल्हा परिषद शाळेतला गणित शिक्षक:
सर, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. दोन पेपरांत पर्यायच वेगळे ठेवले तर निकालानंतर तुलना कशाची करणार? उद्या एखादे पालक दोन्ही पेपर शेजारी ठेवून विचारतील, याला १०:१५ आणि त्याला ९:४५ का? केंद्रप्रमुखांपुढे मला ते समजावता येणार नाही.

आधी या प्रश्नात तपासायचं काय ते ठरवा. पाचवीत वेळेची बेरीज तपासायची असेल तर पावणे आणि अडीच मध्ये आणूच नका. मराठी पेपरातच ६:४५ करा. मग दोन्हीकडे एकच प्रश्न, एकच पर्याय. हवे तर १०:१५ आणि ९:३५ काढून बेरजेतल्या चुकांवरून नवे पर्याय करा.

मराठी विषय शिकवणारी:
आणि मराठी मुलांनी पावणे, सव्वा, दीड, अडीच कधी सोडवायचे? आमच्या बाजारात आजही "अडीचशे ग्रॅम द्या" म्हणतात, एसटीच्या फलाटावर "पावणेसातची गाडी" म्हणतात. हे मराठीतलं गणितच आहे. इंग्रजीत नीट बसत नाही म्हणून मराठी पेपरातून शब्द काढायचा, हे मला पटत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी "वीस एक" असं संख्यावाचन आलं तेव्हाही हाच वाद झाला होता. मुलांना सोपं व्हावं हा हेतू मला तेव्हाही समजला होता, पण एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक मुलांनी कधीतरी शिकलाच पाहिजे.

निवृत्त पेपरसेटर:
बाई, तुमचा एकोणसाठ इथे लागू होतो, पण थोडा उलट. "अंकांत लिहा: एकोणसाठ" हा मराठीत खरा प्रश्न आहे, कारण साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात ५९. "फिफ्टी नाईन"मध्ये दोन्ही अंक क्रमाने ऐकू येतात. या प्रश्नाचं समान भाषांतर होतच नाही. तो मराठी पेपरात ठेवायचा तर दोन्ही माध्यमांच्या तुलनेत त्याचे गुण धरू नयेत.

एक पालक:
नीट परीक्षेचंही असंच झालं होतं ना? २०१८ ला तमिळ पेपरात ४९ प्रश्नांत चुका निघाल्या, मद्रास उच्च न्यायालयाने १९६ गुण द्यायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तुम्हीही वर लिहून टाका, "शंका आल्यास मूळ प्रत ग्राह्य".

निवृत्त पेपरसेटर:
तिथला वाद चुकीच्या भाषांतराचा होता. इथे भाषांतर बरोबर असूनही प्रश्न सोपा झालाय, त्यामुळे त्या ओळीचा उपयोग नाही. शिवाय पाचवीचं मूल दुसऱ्या भाषेतली प्रत उघडून पाहणार कसं?

सेमी इंग्रजीतल्या मुलीची आई:
विषय थोडा वेगळा आहे, पण राहवत नाही. माझ्या मुलीला विचारलं होतं, दोरीवरचे ओले कपडे कसे वाळतात? तिने लिहिलं, "पाण्याची वाफ होऊन हवेत जाते." दोनपैकी एक गुण मिळाला, कारण "बाष्पीभवन" शब्द नव्हता. त्याच उत्तरसूचीवर इंग्रजीत "वॉटर व्हेपर" लिहिणाऱ्या मुलाला दोन मिळाले. हा कुठला न्याय?

निवृत्त पेपरसेटर:
विषय वेगळा नाही, ही गुणदानाची बाजू आहे. इंग्रजीत "स्टीम" आणि "व्हेपर" वेगळे शब्द आहेत. कपडे वाळण्याला "स्टीम" लिहिलं तर गुण कापता येतो. मराठीत चहाच्या भांड्यावरची तीही वाफ आणि कपड्यांतून जाते तीही वाफ. म्हणून सूचीत एका शब्दाला गुण देऊ नये. पाणी न उकळता वाफ होऊन हवेत जातं, हे कळल्याचं दिसलं की पूर्ण गुण, आणि चालणारी उत्तरं दोन्ही भाषांत सूचीतच लिहून ठेवायची. मुलीने "उकळून" म्हटलेलं नाही. मी दोन दिले असते.

भाषांतरकार:
माझी कसोटी इथे अपुरी पडते हे मान्य. पण मग कळणार कसं? परीक्षेआधी एवढं कोण तपासणार?

निवृत्त पेपरसेटर:
दोन्ही माध्यमांची पाच-सहा मुलं घ्या, पुढच्या वर्गातली असली तरी चालतील. प्रश्न मोठ्याने सोडवायला सांगा आणि नुसतं ऐका, पावणेसातला मूल अडखळतंय की बेरजेला. परीक्षेनंतर एकूण गुण सारखे असलेली दोन्हीकडची मुलं काढा आणि त्यांनी या प्रश्नात कुठला पर्याय निवडला ते मोजा. मराठीत १०:१५ ला बरीच मुलं आणि इंग्रजीत एकही नाही असं दिसलं, तर प्रश्न एक नव्हताच.

पाचवीची शिक्षिका:
आज मधल्या सुट्टीत सहावीच्या चौघांना विचारलं. इंग्रजी माध्यमातल्या दोघांनी "क्वार्टर टू सेव्हन" वाचून लगेच ६:४५ लिहिलं. मराठीतला एक मुलगा पावणेसातला ७:४५ म्हणाला, मग घड्याळाचे काटे बोटांनी दाखवून स्वतःच दुरुस्त झाला. अडीचला कुणी अडखळलं नाही. आता पेपर काढणाऱ्या सरांकडे विचारणा पाठवली आहे: वेळेची बेरीज तपासायची असेल तर दोन्ही पेपरांत ६:४५ करू द्या, पावणे तपासायचं असेल तर इंग्रजीत ९:४५ चा पर्याय घेऊ द्या. उत्तर शनिवारपर्यंत येईल.

जिल्हा परिषद शाळेतला गणित शिक्षक:
दुसरं मान्य झालं तर दोन्ही तुकड्यांचे आकडे इथे टाका. वेगळे पर्याय ठेवून तुलना होते का, हे मला बघायचंय.