दहीहंडीतली व्हॉइस नोट कळलीच नाही, "परत पाठव" म्हटलं ते चुकलं का?

ऐरोलीची ताई
दहीहंडीला आई भावाकडे ठाण्यात होती, संध्याकाळी मी तिला स्टेशनवरून घरी आणणार होते. भावाने जांभळी नाक्याच्या गर्दीतून १३ सेकंदांची व्हॉइस नोट टाकली, त्यातलं मला एवढंच लागलं: "आईला... स्टला... सात... रिक्षा नको". "काही कळत नाहीये परत पाठव" लिहिलं तर दुसरी त्याहून बेकार आणि तिसरी म्हणजे नुसता पत्रा वाजवल्यासारखी. चौथ्यांदा मागितली तर साहेब चिडले. मी ७.१५ ला वेस्टला, आई ईस्टला पाऊण तास उभी. घरात सगळे म्हणतायत तू नीट विचारलं नाहीस. नीट म्हणजे कसं विचारायचं असतं?

वागळेचा विन्या
चूक भावाचीच. हंडीच्या खाली उभं राहून व्हॉइस नोट कोण पाठवतं राव. दोन शब्द टाईप करायला काय जातं? मी तर अशी नोट आली की ऐकतच नाही, सरळ लिहितो टाईप कर.

कोलशेत काका
मूळ प्रश्न डीजेचा आहे. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद असा नियम २००० सालापासून आहे, पाळतो कोण? आमच्या सोसायटीच्या काचा थरथरतात. आधी यावर बोला.

ऐरोलीची ताई
काका पटतंय पण ही संध्याकाळी सहाची गोष्ट आहे हो, आणि डीजे बंद झाला तरी गोविंदांची पथकं ओरडणारच ना.

खारघरचा कोडर
एवढं भांडण कशाला, नोट लॅपटॉपवर घ्यायची, ऑडॅसिटीमध्ये नॉइज रिडक्शन मारायचं, दोन मिनिटांचं काम. मी ऑफिसच्या मीटिंगची रेकॉर्डिंग अशीच साफ करतो. परत विचारायची गरजच नाही.

मंडपातला साऊंडवाला
कोडर भाऊ, मीटिंगमध्ये एसीची घरघर असते, ती एकसारखी असते म्हणून निघते. त्या सॉफ्टवेअरला आधी नुसत्या आवाजाचा तुकडा दाखवावा लागतो की हे काढ. हंडीत बेंजो, शिट्ट्या, माईकवरचा निवेदक, दर सेकंदाला वेगळं काहीतरी आणि त्यातलं अर्धं माणसांचंच बोलणं, त्यात ताईच्या भावाचा आवाज कुठला ते त्याला कसं कळणार. आणि दुसरं म्हणजे ही नोट फाटलेली आहे. माईकला झेपतं त्याच्या वर आवाज गेला की वरचा भाग कापला जातो, तो नोटेत नसतोच, मग साफ करून येणार कुठून. ओळखायचं सोपं आहे, फोनचा आवाज अगदी बारीक करून ऐका. तरीही खरखर फुटतच असेल तर ती रेकॉर्ड होतानाच फाटली. बोलणं स्वच्छ आहे पण गोंगाटाखाली दबलंय असं असेल तर मात्र इअरफोन लावून दोनतीनदा ऐकल्यावर बरंच लागतं.

आता ताई, "परत पाठव" म्हटल्यावर नोट आणखी बिघडली याचं कारण सांगतो. त्याला वाटलं आपण हळू बोललो, म्हणून तो तोंड फोनला चिकटवून जोरात ओरडला. आधीच माईक भरलेला, त्यात ही भर. आणि ओरडलं की माणूस स्वर लांबवतो, "आऽऽईला" मोठं होतं पण त, स, क ही बारीक अक्षरं तेवढीच राहतात, खरं तर शब्द त्यांच्यावरच ओळखू येतो. शिवाय फोन स्वतःच आवाज वरखाली करत असतो, बेसचा ठोका पडला की सगळंच खाली दाबतो आणि परत उचलायला जरा वेळ घेतो. तुमच्या "स्टला"च्या आधीचं अक्षर बहुतेक त्यातच गेलं. एक सांगा, फोन प्लास्टिकच्या पाऊचमध्ये होता का?

ऐरोलीची ताई
अय्या हो! गळ्यात लटकवलेलं ते पाण्याचं पाऊच. हात ओले म्हणून काढत नव्हता.

मंडपातला साऊंडवाला
मग झालंच. माईकचं भोक खालच्या कडेला असतं, त्यावर प्लास्टिक आणि आत पाण्याचा थेंब. पत्र्यासारखं वाजलं त्यात हेही असणार.
मी असतो तर असं लिहिलं असतं: "रिक्षा नको एवढं कळलं. आई कोपरीच्या बाजूला का गावदेवीच्या? ७.१५ का ७.३०? लिहून पाठव." ईस्ट-वेस्ट गर्दीत विचारायचंच नाही, शेपूट एकच आहे. सव्वासात-साडेसातचंही तेच, मधलंच अक्षर वेगळं. कोपरी आणि गावदेवी कितीही गोंगाटात एक वाटत नाहीत. आणि जे ऐकू आलं ते आधी सांगायचं, म्हणजे तो तेवढं परत सांगत बसत नाही.

वागळेचा विन्या
म्हणजे शेवटी टाईपच ना. मी काय वेगळं बोललो?

मंडपातला साऊंडवाला
तू ऐकतच नाहीस म्हणालास. न ऐकता "टाईप कर" म्हटलं की समोरचा सगळं पहिल्यापासून लिहायला लागतो, ओल्या हाताने, नाहीतर लिहीतच नाही.

नेरूळच्या मावशी
माझी वेगळीच अडचण. ह्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, गावच्या पालखीतून दिरांची नोट आली तर हे सरळ "हो हो" लिहून मोकळे, वर मला म्हणतात मोठ्या भावाला काय सारखं परत बोल म्हणायचं. मागे त्या "हो"च्या नादात आम्ही तिथे चार दिवसांऐवजी चौदा दिवस राहायला येतोय असा समज झाला होता, वहिनींनी गाद्या काढून ठेवल्या. दिरांना टाईपही जमत नाही. अशा माणसाला काय लिहायचं?

कोपरीची पोर
मावशी, दोष डीजेला द्यायचा. "भाऊजी, ढोलात तुमचा आवाज बुडाला, चार दिवस का चौदा?" त्यांना वाईट वाटत नाही. आकडा सुटा सुटा बोलायला सांगा, एक चार, नाहीतर नुसतं चार.
आणि साऊंडवाले दादा, मला फोन करणं जास्त पटतं. फोनवर "काय? कुठे?" तिथल्या तिथे विचारता येतं.

मंडपातला साऊंडवाला
रेंज असेल तर कॉल बराच, आणि बोलताना फोन पुष्कळसा गोंगाट कापतोही. पण नाक्यावर हंडीच्या टायमाला कॉल लागतो का ते सांग. लिहिलेलं दहा मिनिटांनी का होईना, पोचतं. नोटच हवी असेल तर सांगायचं की बिल्डिंगच्या जिन्यात जा, पाठ डीजेकडे कर, फोनची खालची कड तोंडाच्या बाजूला चार बोटांवर धर आणि नेहमीसारखं बोल. ओरडू नको हे मुद्दाम सांगायचं, कारण तो ओरडणारच.

खारघरचा कोडर
तरी पहिली नोट मला पाठवा ताई, ट्राय करायला काय जातंय.

वागळेचा विन्या
आई पोचली की घरी दीड महिन्यापूर्वी, आता काय साफ करतोयस.

ऐरोलीची ताई
काल करून बघितलं. भाऊ नवरात्राच्या गर्दीत टेंभी नाक्यावर, नोट परत तशीच. मी लिहिलं, "आईची गोळी घ्यायची एवढं कळलं, बीपीची का थायरॉइडची?" त्याने अंगठा पाठवला.