नीरजा की निरजा?

रंकाळ्याकाठची : भाचीच्या मुलीचं बारसं झालं, नाव नीरजा. दाखला आला तर त्यावर निरजा, ऱ्हस्व. आमचे दीर म्हणाले की असू दे, अर्थ फक्त बदलला, कमळाच्या जागी 'धूळ नसलेली, निर्मळ' झालं, उलट चांगलंच की. पटेना म्हणून इथं विचारते.

पेठेतला : दीर बरोबर आहेत. नीर म्हणजे पाणी, त्यात जन्मलेलं ते नीरज, कमळ. आणि नि + रज म्हणजे धूळ नाही असं. दोन नावं, दोन अर्थ, विषय संपला.

जुनीवही : अर्धं बरोबर. दुसऱ्या अर्थात उपसर्ग नि नाही, निः आहे. विसर्गापुढं र आला की विसर्ग जातो आणि आधीचा स्वर लांबतो, म्हणून निः + रस नीरस, निः + रव नीरव, तसंच निः + रज नीरज. म्हणजे धूळ नसलेलीसुद्धा दीर्घच! ऱ्हस्व लिहून अर्थ बदलत नाही, नुसतं चुकतं. संस्कृत कोशात नीरज म्हणजे मोतीपण आहे, त्यामुळं फूल नि रत्न दोन्ही एकाच नावात.

पेठेतला : मग आपण सगळे निरोगी ऱ्हस्व लिहितो ते? ते पण नीरोगीच व्हायला पाहिजे. एवढी लोकं चुकतात म्हंजे नियमच बदलला म्हणायचा.

जुनीवही : निरोगी रोजच्या वापरानं रुळलाय, नावाचं तसं नसतं.

गंगावेसवाला : ऱ्हस्व लिहिलं तर मला पहिल्यांदा नि-रजाच दिसतं, पोरीला जन्मभर सुट्टी नाही 😀

रंकाळ्याकाठची : अहो गप बसा, तेच डोक्यात बसायचं आता!

जुनीवही : नाही बसणार. सुट्टीच्या रजेतला ज जहाजातला, नीरजातला ज जीवनातला. हाक मारून बघा, लगेच कळतंय. नी ऱ्हस्व की दीर्घ ते मात्र कानाला फारसं कळत नाही, म्हणूनच तर दाखल्यावर घोळ होतो.

शेवंता७२ : नदीवरनं नाव ठेवायचं तर आमच्याकडं किती आहेत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, ह्या मिळूनच पंचगंगा, पाचवी सरस्वती गुप्त. आमच्या आजीचं नाव तुळसा, नदीवरनं का अंगणातल्या तुळशीवरनं ते तिलाच ठाऊक नव्हतं. पण कासारी कोण ठेवतंय का पोरीचं?

गंगावेसवाला : सरस्वती तर ठेवतात की. आणि शारदा पण, ती तर शरद ऋतूची.

पेठेतला : शारदा देवीचं नाव हो, ऋतू कुठनं आला त्यात?

जुनीवही : शरदातली ती शारदा, शब्द तिथनंच आलाय. देवीला ते का पडलं ह्यावर मात्र भांडायला जागा आहे.

रंकाळ्याकाठची : भांडा निवांत, पण दाखला दुरुस्त करू का नको ते सांगा आधी. इंग्रजीत आय एकच घातलाय, डबल ई नाही, ते पण बदलावं लागेल का?

शेवंता७२ : आमच्या तुळसाआजीला तर शाळेत तुलसी करून टाकलं होतं, शेवटपर्यंत ओ देत नव्हती.