ताप आणि न दुखणारी काळी खपली : तुमचे अनुभव लिहा

कोरांटी

आईच्या तापाचा सातवा दिवस होता. मलेरिया नाही, डेंग्यूची तपासणी दोनदा निगेटिव्ह, प्लेटलेट ६८ हजारांवर, लिव्हरचे आकडे वाढलेले. तीन दिवस शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू होतं, तरी रोज संध्याकाळी ताप १०३ ला जायचा. डोकं इतकं दुखायचं की खोलीतला दिवा लावू देत नव्हती.

त्या संध्याकाळी अंग पुसताना डाव्या स्तनाखालच्या घडीत मला एक खपली दिसली. शिसपेन्सिलीच्या मागच्या रबराएवढी, गोल, मध्ये काळीकुट्ट आणि कडक, भोवती लालसर कडं. कुणीतरी सिगारेटचा चटका दिल्यासारखी. "आई, इथे दुखतंय का गं?" तर म्हणाली, "कुठे?" तिला तिथे काही आहे हेच ठाऊक नव्हतं. अंतर्वस्त्राच्या शिवणीने घासलं असेल असं वाटून मी ती गोष्ट जवळजवळ सोडून दिली होती. सिस्टरला सांगितलं ते केवळ मलम मागायला.

रात्रीच्या डॉक्टरांनी टॉर्च धरून खपली पाहिली, मग काखेत बोटं घालून चाचपलं. तिथली गाठ मात्र चांगलीच दुखत होती. त्यांचा पहिला प्रश्न होता, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवतात, झुडपात काम केलंत का?" ताप यायच्या बारा दिवस आधी आईने घरामागचं वाढलेलं गवत काढलं होतं. रिपोर्टची वाट न बघता त्याच रात्री डॉक्सीसायक्लिन सुरू झालं, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी ताप १०१ च्या वर गेला नाही, तिसऱ्या सकाळी अंग थंड. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफसचा रिपोर्ट नंतर पॉझिटिव्ह आला.

त्या सात दिवसांत चार डॉक्टरांनी आईला तपासलं होतं, पण सगळ्यांनी कपड्यांवरून. आणि मी तिची मुलगी, मीही पाहिलं नव्हतं. म्हणून हा धागा. तुमच्याकडे ही खपली कुठे सापडली, कुणाला सापडली, किंवा सापडलीच नाही, तेही लिहा.

रात्रपाळी

तापाच्या वॉर्डात चौदा वर्षं काढली आहेत. ही खपली रुग्ण दाखवत नाही, ती आपल्याला शोधावी लागते. दुखत नाही, खाजत नाही, मग तो सांगणार तरी काय? मी चादर बदलताना शोधते, कारण तेव्हा माणूस कुशीवर वळलेला असतोच. केसांत आणि कानामागे बघते, मग काखा, स्तनांखाली, बेंबी, कमरेला इलॅस्टिक रुततं ती रेघ, जांघा, नितंबांची फट, गुडघ्यामागची घडी. तो किडा अंगावर चढतो आणि कपडा घट्ट बसतो तिथे किंवा मऊ घडीत थांबतो, त्यामुळे याच जागा.

आणखी एक. ओलसर जागी ती काळी नसतेच. जांघेत, अंडकोषावर घामाने खपली धरत नाही, नुसता पिवळट तळाचा उथळ व्रण दिसतो. मी स्वतः असा एक व्रण गजकर्ण समजून सोडला होता. दुसऱ्या दिवशी माझ्याहून धाकट्या सिस्टरने तो ओळखला. पुरुष रुग्ण तिथलं सांगायला लाजतात, तेव्हा पडदा ओढून सरळ विचारायचं.

अर्धविराम

माझ्या मेव्हण्याच्या वेळी डॉक्टरांनी पूर्ण अंग तपासलं होतं. खपली नव्हती आणि वेल-फेलिक्स तपासणीही निगेटिव्ह आली. म्हणजे स्क्रब टायफस नाही हे तिथेच नक्की झालं. तेव्हा खपली नसेल तर उगाच या आजाराच्या मागे लागू नये, असं माझं मत.

फिरता डॉक्टर

अर्धविराम, पूर्ण अंग तपासलं हे फार चांगलं झालं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ताप आणि अशी खपली एकत्र दिसली तर माझी खात्री जवळजवळ तिथेच होते. खपली नसली म्हणून आजार नाही असं मात्र मला म्हणता येत नाही. काही भागांत दहातल्या नऊ रुग्णांना ती सापडते, काही भागांत दहातल्या एकालाच. वेल-फेलिक्स ही जुनी तपासणी आहे, तिच्यातून बरेच खरे रुग्ण निसटतात. आता जी आयजीएम करतात तीही पहिल्या पाच-सात दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण शरीराने प्रतिपिंडं बनवायला वेळ लागतो. म्हणूनच खपलीचं मोल मोठं. ताप चढतो तेव्हा ती बहुतेक तयार असते, रक्ताचा रिपोर्ट नसतो.

ती होते कशी हे कळलं की शोधणं सोपं जातं. चावते ती माइटची अळी, जेमतेम ०.२ मिलिमीटरची. ती रक्त पीत नाही. लाळेने कातडीचा कण विरघळवून तो रस शोषते आणि दोन-चार दिवसांनी गळून पडते. म्हणून "काही चावलं का?" या प्रश्नाला सगळे "नाही" म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. जंतू त्या जागी वाढतात, आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि तेवढ्या ठिपक्याची कातडी मरते. आधी बारीक पुळी, मग फोड, मग काळी खपली. ताप साधारण सहा ते एकवीस दिवसांनी येतो, तोवर गवत माणूस विसरलेला असतो. कोरांटींच्या आईचे बारा दिवस यात नीट बसतात.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन तीन दिवस देऊन उपयोग का झाला नाही? ते औषध जंतूच्या भिंतीवर काम करतं. हा जंतू आपल्याच पेशींच्या आत राहतो आणि त्याला तशी भिंतही नाही. डॉक्सीसायक्लिन पेशीच्या आत पोचतं. ४८ तासांत ताप उतरला नाही तर मी निदान पुन्हा तपासतो.

निळी छत्री

मला टाचेवर बुटाने घासून काळी खपली धरली आहे. चालताना दुखते, कडेने थोडा पू येतो. ताप नाही. मलाही डॉक्सी घ्यावी लागेल का?

रात्रपाळी

ताई/दादा, ताप नाही, दुखतंय, पू आहे आणि घासल्याचं कारणही माहीत आहे. हा विषय वेगळा. जखम स्वच्छ ठेवा आणि पू वाढला तर दाखवा. मनाने गोळ्या घेऊ नका.

पाऊलवाट

आमचं प्रकरण गोचिडीचं. दक्षिण आफ्रिकेत जंगल पाहून परतल्यावर आठवड्याने मला ताप आला, मान आखडली. पोटरीवर एक काळा ठिपका, जांघेत दुसरा, कमरेवर तिसरा. मी वाचलं होतं की स्क्रब टायफसमध्ये बहुतेक एकच खपली असते, म्हणून तीन पाहून "हे ते नव्हे" असं ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणाले, तीन आहेत म्हणूनच आफ्रिकेतला गोचीडताप आधी डोक्यात आला, त्यात एकापेक्षा जास्त खपल्या बऱ्याचदा दिसतात. जंतू रिकेट्सियाच्याच कुटुंबातला, औषध तेच डॉक्सी. माझ्याबरोबर गवतातून चाललेल्या दोघांनाही ताप आला होता. एकाला एकच खपली, दुसऱ्याला मुळीच नाही.

मधली सुट्टी

मला सहाव्या महिन्यात झाला होता. खपली बेंबीच्या आत होती! पोट रोज तपासलं जायचं, पण बेंबीत कोण डोकावणार? नवऱ्याने तेल लावताना पाहिली. मला डॉक्सी न देता अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं. ताप उतरायला अडीच दिवस लागले. बाळ ठीक आहे, आता चालतं.

सांजवेळ

हे लिहायचं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. बाबांना आम्ही सहाव्या दिवशी दाखल केलं, नवव्या दिवशी श्वास लागला आणि व्हेंटिलेटर लागला. अकराव्या दिवशी कूस बदलताना एका वॉर्डबॉयला पाठीच्या खाली, नितंबाच्या फटीत खपली दिसली. औषध त्याच तासाला सुरू झालं. तेराव्या दिवशी बाबा गेले. रुग्णालयाचं नाव घेणार नाही. पण दाखल करतानाच्या कागदावर "त्वचा : सामान्य" असं लिहिलेलं होतं, आणि बाबांची पाठ कुणी पाहिली नव्हती. मी तिथेच बसून होतो. सहाव्या दिवशी सापडली असती तर?

फिरता डॉक्टर

सांजवेळ, याचं खरं उत्तर मला देता येत नाही. औषध लवकर सुरू झालेले बहुसंख्य वाचतात, हे खरं. तुमच्या बाबांचं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही, आणि सांगितलं तर ते खोटं ठरेल. "त्वचा : सामान्य" हे मात्र मनाला लागलं. मीही घाईत हे शब्द लिहिले आहेत.

अर्धविराम

वर चुकीचं लिहिलं होतं, ते मागे घेतो. मेव्हण्याला तेव्हा नक्की काय होतं हे आजही कळलेलं नाही. ताप डॉक्सीनेच उतरला होता, ती "असू द्या" म्हणून दिली होती. एक शंका : काळी खपली दुसऱ्या कशाने होतच नाही का?

फिरता डॉक्टर

होते. अँथ्रॅक्समध्येही न दुखणारी काळी खपली येते, पण भोवती सूज खूप असते, खपलीच्या मानाने कितीतरी मोठी, आणि बहुतेकदा जनावरांशी किंवा त्यांच्या कातड्याशी संबंध असतो. काही कोळ्यांच्या चाव्यानेही कातडी काळी पडते, ती सहसा दुखते. फार अशक्त, पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रुग्णात आणखी वेगळे, गंभीर व्रण होतात. म्हणून शंका असली की खपलीचाच तुकडा पीसीआरला पाठवतो. रक्तात जंतू सापडत नाही तेव्हाही तो खपलीत सापडतो, औषधाचे एक-दोन डोस झाले असले तरी बऱ्याचदा. त्यामुळे ती ओरबाडून टाकू नका, मलमाखाली झाकू नका. फोटो काढा आणि दाखवा.

जिज्ञासू

काल रात्री हा धागा वाचत होते. सासऱ्यांच्या तापाचा सहावा दिवस, डेंग्यू निगेटिव्ह, कालपासून कमी ऐकू येतंय म्हणतात. वाचता वाचता उठले आणि त्यांना म्हटलं, "बाबा, जरा मान वळवा." काखेत काही नाही, कमरेला नाही. नवऱ्याने जांघा पाहिल्या, तिथेही नाही. उजव्या कानामागे, केस सुरू होतात तिथे बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. केस बाजूला केले तर काळी, गोल. मानेतली गाठ दाबल्यावर ते कळवळले, खपलीला हात लावला तर काहीच नाही.

रात्री अकराला घेऊन गेलो. डॉक्टरांनी चिमट्याने खपलीचा कडेचा तुकडा उचलून छोट्या बाटलीत ठेवला आणि पहिली गोळी तिथेच दिली. कमी ऐकू येणं या तापातही होतं, म्हणाले, पण ते परत येईल का यावर काही बोलले नाहीत. रिपोर्ट अजून नाही. आज सकाळी सहाला ताप १००.४ होता, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं.