सभेचं रेकॉर्डिंग: ‘व्हॉइस नोट’ आणि ‘ऑडिओ फाइल’ यांत फरक काय?

बी-विंग चिटणीस
आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. इतिवृत्त लिहिणाऱ्या काकांना मी म्हटलं, “रेकॉर्डिंग व्हॉट्सॅपवर टाकतो.” त्यांचं उत्तर आलं, “व्हॉइस नोट नको, फाइल पाठवा.” दोन्ही आवाजच ना? मग या दोन शब्दांत नेमका फरक काय?

कोरा कागद
व्हॉट्सॅप व्हॉइस नोट दाबून लहान करतं, म्हणून आवाज खराब होतो. फाइल पाठवली की स्वच्छ ऐकू येतं. एवढाच फरक.

माहेरवाशीण
आमची आजी दिवसभर व्हॉइस नोट पाठवते, अगदी स्वच्छ ऐकू येतात! तिला टाइप करायला लावू नका हो. व्हॉइस नोट बंद करा म्हणणाऱ्यांना माणसाच्या आवाजाची किंमत नाही.

जुना टेप
बंद करा असं इथे कुणी म्हटलेलं नाही, माहेरवाशीणबाई. आजींचा निरोप एक-दोन मिनिटांचा, ऐकला की काम झालं. त्यासाठी व्हॉइस नोटच बरी.

कोरा कागद, तुमचं अर्धं बरोबर आहे. व्हॉइस नोट नंतर दाबली जात नाही. चॅटमधला माइक दाबून बोललात की ती ओपस नावाच्या पद्धतीत, मुळातच लहान आकारात रेकॉर्ड होते, कारण ती बोलण्यापुरतीच असते. फाइल म्हणजे रेकॉर्डर ॲपमध्ये आधी तयार झालेली आणि मग पेपरक्लिपच्या खुणेतून जोडलेली. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडली तर जशीच्या तशी पोचते, नावासकट. पण त्याने आवाज सुधारत नाही. फोन टेबलाच्या टोकाला पंख्याखाली ठेवला असेल, तर फाइल तो पंखाही इमानदारीत पोचवेल.

काकांचा आग्रह आवाजासाठी नसावा, शोधण्यासाठी असावा. समजा सभा 1 तास 40 मिनिटांची. व्हॉइस नोटची पट्टी पडद्यावर जेमतेम पाच सेंटिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोन मिनिटं. लिफ्टच्या ठरावाला अनुमोदन कुणी दिलं ते शोधायला अंगठा जरा सरकला की थेट पार्किंगच्या भांडणात. फाइल संगणकावर उघडली की 47:10 वर जाता येतं, पाच-दहा सेकंद मागे घेऊन तेच वाक्य पुन्हा ऐकता येतं, आणि इतिवृत्ताच्या मसुद्यात समासात ‘47:10’ लिहून ठेवता येतं. कुणी हरकत घेतली तर तिथेच बोट ठेवायचं.

रात्रपाळी
नावाचंही आहे. व्हॉइस नोट फोनमध्ये `PTT-20240915-WA0007.opus` अशा नावाने साठते. सहा महिन्यांनी ती सभा होती की दूधवाल्याचा निरोप, कसं ओळखणार? डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या `AGM-2024-09-15.m4a` चं नाव तसंच राहतं.

बी-विंग चिटणीस
बरं, पण एवढी मोठी फाइल जाईल का? आणि चॅटमध्येच माइक लॉक करून पूर्ण सभा रेकॉर्ड केली तर?

जुना टेप
जाईल. रेकॉर्डरमध्ये आवाजाचा दर्जा 128 केबीपीएस ठेवला तर तुमची सभा साधारण 96 एमबी होते, 64 ला निम्मी. बोलण्याला 64 पुरतं. डॉक्युमेंटची मर्यादा 2 जीबी आहे.

चॅटमधला माइक सभेला वापरू नका. मध्येच फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. रेकॉर्डर लावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका.

फाइलचीही एक खोड आहे. एम४ए फाइलची अनुक्रमणिका ‘स्टॉप’ दाबल्यावर शेवटी लिहिली जाते. त्याआधी बॅटरी संपली तर फाइल पन्नास एमबीची दिसते, पण वाजत नाही, कालावधी 0:00 दाखवते. म्हणून चार्जर लावून ठेवा, आणि सभा संपल्यावर सभागृहातच मधलं दहा सेकंद ऐकून बघा.

रात्रपाळी
मी तर प्रत्येक विषयाला रेकॉर्डिंग थांबवून नवीन फाइल सुरू करतो. फोन बंद पडला तरी एकच विषय जातो.

जुना टेप
मला ते पटत नाही. ‘विषय क्र. 4 संपला’ असं अध्यक्ष म्हणतात आणि माणसं त्यावरच अजून दहा मिनिटं बोलतात. शिवाय थांबवून पुन्हा सुरू करायच्या नादात नेमका ठराव मांडणारं वाक्य सुटतं.

कोरा कागद
ते राहू द्या. मराठीत म्हणायचं काय? ‘ध्वनिफीत’ व्हॉइस नोटला चालेल का?

रात्रपाळी
फीत तर दोन्हींत नाही. आमच्या ऑफिसात ‘व्हॉइस टाक’ म्हटलं की निरोप आणि ‘रेकॉर्डिंग पाठव’ म्हटलं की फाइल, आजवर घोटाळा झाला नाही.

बी-विंग चिटणीस
आमच्याकडे नेमका ‘रेकॉर्डिंग’ म्हणूनच झाला. काकांना आता ‘डॉक्युमेंटमधून पाठवतो’ असं कळवलंय.