मदत हवी आहे: पायलटमध्ये नायिकेचा बदल कुठवर न्यायचा?

अमेरिकेतल्या टीव्ही लेखन फेलोशिपसाठी एक तासाच्या ड्रामाचा पायलट पाठवायचाय. टीझर आणि पाच अंक, एकूण 58 पानं. नायिका फ्रेस्नोच्या हॉस्पिटलात रात्रपाळीची फार्मासिस्ट, नियमाला पक्की. पान 6 वर ती एका गोळीचा हिशेब लागेना म्हणून अख्खं कपाट पुन्हा मोजते. पान 57 वर तीच मॉर्फिनच्या नोंदीत खोटा आकडा लिहिते. वाचणारे म्हणतात, हे अचानक होतं.

कारण माझ्या लक्षात आलंय: दुसऱ्या-तिसऱ्या अंकात निर्णय डॉक्टर घेतो, ही नुसती धावपळ करते. म्हणून मध्ये तिचे स्वतःचे दोन निर्णय घालतेय. पान 22 वर तफावत दिसूनही ती सकाळपर्यंत गप्प राहते. पान 38 वर सहकाऱ्याला वाचवायला तोंडी खोटं बोलते. मग लेखी खोटं ही तिसरी पायरी.

आता अडलंय ते इथे. शेवटी तिला पश्चात्ताप दाखवला तर वर्तुळ पूर्ण होतं आणि पुढच्या भागांना इंधनच उरत नाही. त्याऐवजी तिनं लगेच पुढची बाटली नेहमीसारखीच काटेकोर मोजावी, असं वाटतंय. ही विसंगती पुरेशी बोलेल, की वाचणाऱ्याला ती तशीच राहिली असं वाटेल?